आपलंच प्रथिन शरीराला परकं का वाटतं? रुमॅटॉइड आर्थरायटिसच्या रुग्णासाठी

रिपोर्टात ‘अँटी सीसीपी पॉझिटिव्ह’ असं आलं की डॉक्टर सांगतात, हा ऑटोइम्यून आजार आहे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करतंय. घरी येईपर्यंत त्याचे दोन अर्थ तयार होतात. कोणी म्हणतं, इम्युनिटी कमी झाली, काढा घ्या. कोणी म्हणतं, इम्युनिटी फार वाढली, ती दाबायला हवी. दोन्ही चूक आहेत. या आजारात प्रतिकारशक्तीचा जोर कमी-जास्त झालेला नसतो, तिचं लक्ष्य चुकलेलं असतं. ज्याला घरात गठिया म्हणतात त्या रुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये हे लक्ष्य कसं चुकतं, ते बऱ्यापैकी तपशिलात कळलेलं आहे. म्हणून इथे तेवढाच आजार घेऊ. थायरॉइड, सोरायसिस किंवा टाइप १ मधुमेह यांत लक्ष्य वेगळं असतं, वाटही थोडी वेगळी असते.

समजा, इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एक बाई आहेत. चार महिन्यांपासून सकाळी उठल्यावर त्यांच्या हाताची बोटं वळत नाहीत. लाटणं धरता येत नाही, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापता येत नाही. साधारण दीड तासाने हात मोकळे होतात. दोन्ही मनगटं आणि बोटांच्या मुळाशी असलेले सहा सांधे सुजलेत, पण नखाजवळचे सांधे ठीक आहेत. त्यांच्या आईचीही बोटं वाकडी झाली होती. विडी-सिगारेट त्यांनी कधी ओढली नाही, मात्र ब्रश करताना कित्येक वर्षं हिरड्यांतून रक्त येतं. या बाईंच्या शरीरात काय घडलं असेल, ते पाहू.

सुरुवात छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या छोट्या ग्रंथीपासून करायला हवी. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी तिथे तयार होतात. प्रत्येक टी-पेशीला एक ग्राहक रेणू असतो आणि त्याचा आकार जवळजवळ जुगारासारखा, जनुकांचे तुकडे कसेही जुळवून ठरतो. जगात उद्या कोणता नवा विषाणू येईल हे शरीराला माहीत नसतं, म्हणून ते असंख्य आकार आधीच बनवून ठेवतं. अशा आंधळ्या पद्धतीत काही आकार आपल्याच प्रथिनांना चिकटणारे निघणार, हे ओघानेच आलं. म्हणून थायमसमध्ये कडक निवड होते. स्वादुपिंड, थायरॉइड, सांधे अशा दूरच्या अवयवांतल्या प्रथिनांचे तुकडेही तिथे टी-पेशींना दाखवले जातात. जी पेशी त्यांना घट्ट चिकटते तिला मारलं जातं किंवा शांत ठेवणाऱ्या कामावर वळवलं जातं. तयार झालेल्या टी-पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक थायमसमधून बाहेरच पडत नाहीत, तिथेच मरतात.

तरीही काही सुटतात. स्वतःच्या प्रथिनांना ओळखणाऱ्या थोड्या टी-पेशी तुमच्या-आमच्या, अगदी ठणठणीत माणसाच्या रक्तातही फिरत असतात. त्या असणं हा आजार नव्हे. त्या शांत का राहतात, हे आधी समजून घ्यायला हवं.

याची दोन मुख्य कारणं आहेत. पहिलं असं की टी-पेशीचं काम बँकेच्या लॉकरसारखं असतं. एक किल्ली तुमची, एक बँकेची, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. ओळखीचा तुकडा समोर आला ही पहिली किल्ली. दुसरी किल्ली तुकडा दाखवणाऱ्या पेशीकडे असते आणि आसपास जंतू, जखम किंवा दाह असेल तरच ती पेशी ती वापरते. पहिलीच किल्ली लागली आणि दुसरी आली नाही, तर टी-पेशी थंड पडते, पुढेही सहसा जागी होत नाही. दुसरं कारण म्हणजे नियामक टी-पेशी. त्यांचं काम बाकीच्यांना आवर घालायचं. या पेशी आणि त्यांना घडवणारं फॉक्सपी३ हे जनुक यांच्या शोधासाठी मेरी ब्रन्कॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे जनुक जन्मतःच बिघडलेल्या मुलांत एकाच वेळी आतडं, त्वचा आणि स्वादुपिंड यांवर हल्ला होतो. म्हणजे हा आवर क्षणोक्षणी चालू असतो, आपल्याला तो जाणवत नाही इतकंच.

मग आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या शरीरात हा बंदोबस्त कुठे फसला? रुमॅटॉइडमध्ये गोष्ट प्रथिनाच्या एका बारीकशा बदलापासून सुरू होते. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतलं एक आर्जिनिन, त्यावर धन विद्युतभार असतो. पीएडी नावाची एंझाइमं आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात. रेणूचं वजन जेमतेम एका एककाने बदलतं, पण विद्युतभार निघून जातो. हा बदल मुळात रोगट नाही. त्वचेत, केसांच्या मुळांत तो रोज होतो, आणि जिथे दाह असतो तिथे जास्त होतो. अडचण अशी की थायमसमधली निवड प्रामुख्याने प्रथिनांच्या मूळ रूपावर झालेली असते. बदललेल्या रूपाला चिकटणाऱ्या टी-पेशी तिथून निसटण्याची शक्यता अधिक.

आता आईकडून आलेल्या वारशाचं काय काम, ते बघा. टी-पेशी प्रथिन सुटं पाहत नाही. दुसरी पेशी त्याचा छोटा तुकडा एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून दाखवते. ही खाच प्रत्येकात थोडी वेगळी असते. एचएलए-डीआरबी१ या जनुकाच्या काही प्रकारांत खाचेच्या एका कप्प्यातही धन भार असतो. धन भाराचं आर्जिनिन तिथे टिकत नाही, दोघे एकमेकांना ढकलतात. त्याच जागी भार गेलेलं सिट्रुलिन आलं की तुकडा व्यवस्थित बसतो. म्हणजे हा प्रकार असलेल्या माणसात बदललेली प्रथिनं टी-पेशींना जास्त चांगली दाखवली जातात. आईकडून मिळतो तो आजार नव्हे, ही खाच.

आणि नुसत्या खाचेने भागत नाही. जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांत एकाला रुमॅटॉइड असेल तर दुसऱ्याला तो साधारण १२ ते १५ टक्के वेळाच होतो. ‘माझ्या मुलीलाही होईल का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. तिची शक्यता इतरांपेक्षा तिपटीच्या आसपास असते, पण लोकांत हा आजार शंभरात एकालाही जेमतेम असतो, तेव्हा बहुतेक मुलींना तो होत नाही. तिची आत्ताच रक्ततपासणी करण्याची गरज नाही. तिच्या सांध्यांना सूज आली तर मात्र वाट पाहू नये.

दुसरी किल्ली येते बाहेरून, आणि बहुधा सांध्यात नव्हे तर फुप्फुसात किंवा हिरड्यांत. धुराने फुप्फुसात दाह होतो, पीएडी एंझाइम वाढतं आणि सिट्रुलिन असलेली प्रथिनं साचतात. धोक्याची खूण आणि बदललेलं प्रथिन दोन्ही एकाच जागी. स्वीडनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जनुकाच्या दोन्ही प्रती वर सांगितलेल्या प्रकारच्या असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह रुमॅटॉइडचा धोका, ना तो जनुकप्रकार ना धूम्रपान अशा लोकांच्या मानाने सुमारे २१ पट आढळला. दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळही असाच धोका वाढवते. हिरड्यांच्या जुन्या आजारात सापडणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूकडे तर स्वतःचंच पीएडी एंझाइम असतं. आपल्या बाईंच्या बाबतीत संशय हिरड्यांवर जातो. पण एका विशिष्ट माणसात ठिणगी कुठे पडली हे कोणतीही तपासणी सांगत नाही, आणि ‘अमुक खाल्लं म्हणून झालं’ असं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बायकांत हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट दिसतो.

दोन्ही किल्ल्या लागल्या की जागी झालेली टी-पेशी बी-पेशींना मदत करते आणि त्या सिट्रुलिनविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतात. रिपोर्टातली अँटी-सीसीपी ती हीच. रुग्णांना सगळ्यात आश्चर्य वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. त्या वेळी सांधे दुखत नसतात. नेदरलँड्समध्ये पुढे रुमॅटॉइड झालेल्या रक्तदात्यांचे साठवलेले जुने नमुने तपासले, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांत अँटिबॉडी लक्षणांच्या आधीच दिसल्या, आणि त्या दिसू लागल्यापासून दुखणं सुरू होईपर्यंतचा मधला काळ साडेचार वर्षांच्या आसपास होता. या शांत वर्षांत हल्ल्याचा पसारा वाढतो. सुरुवातीला एकदोन प्रथिनांविरुद्ध असलेल्या अँटिबॉडी हळूहळू फायब्रिनोजेन, व्हिमेंटिन, एनोलेज अशा अनेकांविरुद्ध तयार होतात. मग एखादं निमित्त, साधा संसर्ग किंवा किरकोळ मार, सांध्यात थोडा दाह उठवतं आणि ही तयार फौज तिथे पोचते. बऱ्याच जणांत असं निमित्त सापडतही नाही.

सांध्याच्या आतलं अस्तर निरोगी माणसात पेशींच्या एक ते तीन थरांचं, पातळ असतं. रुमॅटॉइडमध्ये ते जाड आणि मांसल होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या वाढतात. तिथल्या पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ सोडतात. हे पदार्थ आणखी पेशी बोलावतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. अस्तर जिथे हाडाला चिकटतं त्या कडेवर हाड झिजतं, एक्स-रेमध्ये खाच पडलेली दिसते. ही खाच सहसा भरून येत नाही, म्हणून पहिले काही महिने महत्त्वाचे. इंटरल्युकिन-६ ची पातळी पहाटे सर्वांत वर असते, आणि रात्रभर हालचाल नसल्याने सुजेचं पाणी सांध्याभोवती साचतं. सकाळचं आखडलेपण त्यातून येतं. वयोमानाच्या झिजेच्या दुखण्यात ते सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतं, वापराने दुखणं वाढतं. इथे तासभर किंवा त्याहून जास्त टिकतं आणि हालचालीने बरं वाटतं.

आणि ही लढाई आपोआप थांबत का नाही? कारण फ्लूचा विषाणू मारला की तो संपतो, समोरचं लक्ष्य गेलं की प्रतिकारशक्ती शांत होते. इथलं लक्ष्य आपल्याच शरीराचा भाग आहे, ते रोज नव्याने तयार होतं. वर दाहाने प्रथिनं आणखी बदलतात, बदललेली प्रथिनं दाह वाढवतात. जंतूंविरुद्ध उपयोगी पडणारी दीर्घ स्मृती इथे उलटते.

आता बाईंचा रिपोर्ट वाचू. दाह किती आहे ते दाखवणारे ईएसआर ५८ आणि सीआरपी २४ मिलीग्रॅम प्रति लिटर, तर दोन अँटिबॉडींपैकी आरए फॅक्टर ८६ आणि अँटी-सीसीपी २१२. या प्रयोगशाळेत शेवटच्या दोन्हींची वरची मर्यादा २० आहे. युरिक अॅसिड ४.१, म्हणजे सामान्य. २०१० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात चार ते दहा लहान सांधे सुजले तर तीन गुण, अँटिबॉडी मर्यादेच्या तिपटीहून वर असेल तर तीन, सीआरपी किंवा ईएसआर वाढलेला असेल तर एक, सहा आठवड्यांहून जास्त त्रास असेल तर एक. बाईंचे गुण होतात आठ. सहा गुण झाले की रुमॅटॉइड धरतात, पण दुसऱ्या कारणाने सूज आलेली नाही हे आधी पाहिलेलं असावं लागतं.

इथे गफलत कुठे होते, तेही सांगायला हवं. आपल्याकडे ‘अर्थरायटिस प्रोफाइल’ या नावाने होणाऱ्या तपासणीत बऱ्याचदा युरिक अॅसिड, एएसओ आणि आरए फॅक्टर असतो, अँटी-सीसीपी नसते. एकट्या आरए फॅक्टरवर विसंबू नये. तो काही निरोगी माणसांत, वृद्धांत, टीबी आणि हिपॅटायटिस सी मध्येही वाढतो. उलट खऱ्या रुमॅटॉइडच्या काही रुग्णांत दोन्ही अँटिबॉडी नसतात, तिथे सुजलेले सांधे तपासणाऱ्या डॉक्टरची बोटंच निर्णय देतात. पावसाळ्यानंतर चिकनगुनियाने सुजलेले सांधेही हुबेहूब असेच दिसतात आणि आठवडे, कधी कधी महिने दुखत राहतात. आधी जोराचा ताप आला होता का हे डॉक्टरांना जरूर सांगा. त्यात अँटी-सीसीपी बहुधा निगेटिव्ह असते.

उपचार वर सांगितलेल्या साखळीवरच बेतलेले आहेत. वेदनाशामक गोळी दुखणं कमी करते, हाडाची झीज थांबवत नाही. झीज रोखणाऱ्या औषधांत पहिलं मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. सुरुवात साधारण ७.५ ते १५ मिलीग्रॅमने होते, गरजेप्रमाणे २० ते २५ पर्यंत वाढवतात, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी फॉलिक अॅसिड, आठवड्याला निदान ५ मिलीग्रॅम. सगळ्यात घातक चूक म्हणजे ही गोळी रोज घेणं. तसं झालं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी घसरतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून पाकिटावर वाराचं नाव मराठीत, ठळक लिहा. २.५, ५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात, तेव्हा दुकानातून दरवेळी मिलीग्रॅम तपासून घ्या. गोळी चुकून रोज घेतली गेली असेल किंवा तोंड आलं, ताप आला, तर लगेच रुग्णालय गाठा. कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक यासोबत नको, कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी आपण मेथोट्रेक्सेट घेतो हे आधी सांगा. मूल हवं असेल तर निदान एक ते तीन महिने आधी, डॉक्टरांना विचारून, ते थांबवतात. दारू टाळा. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिनची तपासणी पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दोन ते तीन महिन्यांनी.

परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. ही मधली वाट काढायला डॉक्टर थोड्या दिवसांसाठी कमी मात्रेत स्टेरॉइड देतात. इथेच अनेक जण नाव नसलेल्या पुड्यांकडे वळतात, कारण त्या दोन दिवसांत आराम देतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. महिनोन्महिने घेतल्यावर साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो. आधीपासून घेत असाल तर लपवू नका, एकदम सोडूही नका.

मेथोट्रेक्सेट पुरेसं पडलं नाही तर साखळीतली एकेक कडी पकडणारी औषधं आहेत. एक टीएनएफला अडवतं, एक इंटरल्युकिन-६ ला, आणि अबाटासेप्ट तर लॉकरची दुसरी किल्लीच लागू देत नाही. त्यांची किंमत मोजावी लागते. शरीरात झोपलेल्या टीबीच्या जंतूंभोवती भिंत उभी ठेवण्याचं काम टीएनएफच करतं. ते अडवलं की भिंत ढासळू शकते. म्हणून या औषधांची सुई सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची त्वचा किंवा रक्ततपासणी करतात. ती टाळून सुई घेऊ नका.

राहिला काढ्याचा प्रश्न. चुकलेल्या लक्ष्यावर जोर वाढवणं हा उपाय होऊ शकत नाही, हे आता लक्षात आलं असेल. शिवाय गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला ऑटोइम्यून प्रकारची इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, मेथोट्रेक्सेटमुळे आधीच यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, तिथे दुसरं ओझं घालू नये. आंबट बंद करण्याने या आजारात फरक पडत असल्याचा पुरावा नाही. इंदूरच्या सराफ्यातला दहीवडा सोडून सांधे सुधारत नाहीत. विडी-सिगारेट सोडल्याने आणि हिरड्यांवर नीट उपचार केल्याने शरीराचा फायदाच होतो, कारण त्या दोन जागी साखळी सुरू होताना दिसलेली आहे.

सूज उतरली तरी स्मृती-पेशी आणि अँटिबॉडी मागे राहतात, म्हणूनच औषध मनाने थांबवलं की बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा सुजतात. मात्रा कमी करायची तर निदान सहा महिने आजार पूर्ण शांत असल्यावर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. अँटी-सीसीपी मात्र दर महिन्याला करून पैसे घालवू नका. आजार शांत असतानाही ती बरीच वर्षं वर राहू शकते. आजार चढतोय की उतरतोय हे सुजलेल्या सांध्यांची संख्या, सीआरपी आणि सकाळी बोटं किती मिनिटांत मोकळी होतात, यावरून कळतं. ती मिनिटं कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला दाखवा.